आपल्या बर्थवर दुसराच कुणी बसलेला असेल तर

कन्फर्म तिकीट असूनही आपल्या जागेवर दुसरा माणूस बसलेला दिसला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर आवाज चढवतात, नाही तर ‘जाऊ दे, भांडण नको’ म्हणत सामानावर टेकून रात्र काढतात. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती जागा रिकामी करून घेणं हे आपलं काम नाही, ती आपल्याला मिळवून देणं हे रेल्वेचं काम आहे.

1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 155 मध्ये हे आलेलं आहे. दुसऱ्यासाठी राखलेल्या बर्थवर किंवा सीटवर बसलेल्या माणसाला अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यानं उठायला सांगितलं आणि तरीही तो उठला नाही, तर कर्मचारी त्याला तिथून हटवू शकतो, त्यासाठी इतरांची मदत घेऊ शकतो आणि त्या माणसाला दंडही होऊ शकतो. यातली मेख अशी की उठायला सांगणारा रेल्वेचा माणूस हवा. तुम्ही दहा वेळा सांगितलंत आणि त्यानं ऐकलं नाही, तर या कलमापुरतं अजून काहीच घडलेलं नसतं. टीसीनं एकदा सांगितलं आणि त्यानं नकार दिला, की गोष्ट कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून आपली ताकद बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात घालवू नये, टीसीला किंवा आरपीएफला लवकरात लवकर तिथपर्यंत आणण्यात लावावी.

पण तोंड उघडण्याआधी अर्धा मिनिट स्वतःचं तिकीट पाहावं. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत घोळ फार होतो. गाडी 15 तारखेला 00:20 ला सुटणार असेल, तर घरातून 14 तारखेच्या रात्री निघावं लागतं. 15 च्या रात्री जो स्टेशनवर पोचतो, त्याची गाडी चोवीस तासांपूर्वीच निघून गेलेली असते आणि ‘त्याच्या’ बर्थवर बसलेल्याकडे त्या दिवसाचं खरं तिकीट असतं. दुसरा घोळ डब्यांच्या अक्षरांचा. थर्ड एसीचे डबे बी ने ओळखले जातात, थर्ड एसी इकॉनॉमीचे एम ने. बी 2 आणि एम 2 दोन्हींत 35 नंबर असतोच, आणि गर्दीत माणूस भलत्या डब्यात चढून तिथल्या 35 वर हक्क सांगू लागतो.

तिसरी शक्यता बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तिकीट काढताना ‘ऑटो अपग्रेडेशन’ला होकार दिला असेल, तर चार्ट तयार होताना रेल्वे तुम्हाला वरच्या वर्गात हलवू शकते. मग स्लीपरमधला तुमचा जुना बर्थ वेटिंगवाल्याला गेलेला असतो आणि तुमचा नवा बर्थ थर्ड एसीत रिकामा पडलेला असतो. डबा बदलला किंवा वेगळ्या बनावटीचा लागला, तरी नंबर बदलू शकतात. तिकिटाच्या जुन्या प्रिंटवर किंवा महिन्यापूर्वीच्या मेसेजवर विसंबू नये. चार्ट लागल्यानंतर पीएनआर पुन्हा एकदा तपासावा आणि तेव्हा दिसणाऱ्या डब्याचा व बर्थचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. गाडीत रेंज गेली की हाच स्क्रीनशॉट कामाला येतो.

तुमचं सगळं बरोबर असेल, तर मग समोर कोण बसलं आहे हे पाहायचं. बसलेला प्रत्येक जण घुसखोर नसतो. खालचा बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 एवढ्याच वेळात झोपण्यासाठी पूर्ण आपला असतो. दिवसा त्याच्यावर मधल्या आणि वरच्या बर्थवाल्यांनी बसणं अपेक्षितच आहे. साइड लोअरचंही तसंच आहे. दिवसा साइड अपरवाला तिथं बसणार, आणि दोन आरएसीवाले असतील तर तो बर्थ त्या दोघांचा मिळून आहे. आजारी, अपंग किंवा गरोदर प्रवाशाला वेळेबाहेरही आडवं पडू द्यावं, असं रेल्वेचंच सांगणं आहे. त्यामुळे दुपारी तीन वाजता ‘हा खालचा बर्थ माझा आहे, सगळे उठा’ म्हणणाऱ्याची बाजू टीसीसमोर टिकत नाही. उलट रात्री साडेदहाला मधल्या बर्थवाला झोपायला मागत असेल आणि खाली बसलेले गप्पांत रंगले असतील, तर नियम त्याच्या बाजूनं आहे.

आपल्या कप्प्यातलं कोण कुठल्या बर्थचं आहे हे कळण्यासाठी एक साधा हिशेब उपयोगी पडतो. नेहमीच्या स्लीपर डब्यात आठ-आठ बर्थचे कप्पे असतात. नंबराला आठनं भागून 1 किंवा 4 उरले तर खालचा, 2 किंवा 5 उरले तर मधला, 3 किंवा 6 उरले तर वरचा, 7 उरले तर साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अपर. म्हणजे 25 नंबर खालचा आणि 31 नंबर साइड लोअर. ‘तुमचा नंबर किती?’ हा प्रश्न शांतपणे विचारला की त्याच कप्प्यातला माणूस लगेच नंबर सांगतो. जो नंबर सांगत नाही, ‘पुढच्या स्टेशनला उतरायचंय’ म्हणतो, तो बहुधा विनाआरक्षण आहे.

अशा माणसांची उत्तरं ठरलेली असतात आणि त्यातलं एक नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘आम्ही टीसीकडे पावती फाडलीय.’ हे ऐकून कित्येक जण माघार घेतात, आणि तिथेच फसतात. जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये चढलेल्याकडून टीसी फरक आणि दंड वसूल करतो आणि पावती देतो. ही पावती पैसे भरल्याचा पुरावा असते, तिच्यानं जागा मिळत नाही. टीसीनं खरोखर बर्थ दिला असेल तर पावतीवर डबा आणि बर्थचा नंबर लिहिलेला असतो. म्हणून पावती पाहायला मागावी. नंबर नसेल तर तुमचा हक्क जसाच्या तसा आहे. नंबर असेल आणि तो तुमचाच असेल, तर मात्र वाद त्या माणसाशी नाही. टीसीनं तुम्हाला गैरहजर धरलं आहे, आणि ते का, हे त्यालाच विचारावं लागेल.

वेटिंग तिकिटाचंही असंच. ऑनलाइन काढलेलं आणि चार्टनंतरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलेलं तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही, पण ते घेऊन आरक्षित डब्यात प्रवास करायची मुभा नाही. मासिक पासाचंही तेच. पासधारकांसाठी मुद्दाम राखलेले किंवा खुले ठेवलेले डबे सोडले, तर पास आरक्षित डब्यात चालत नाही. हे सगळं आपण जाणून असावं, पण समोरच्याला कायदा शिकवत बसू नये. ‘हा माझा बर्थ आहे, मला आता झोपायचं आहे, तुम्ही उठता का?’ एवढं एकदा स्पष्ट, मोठ्यानं आणि सभ्यपणे म्हणावं. आजूबाजूच्या दोघा-चौघांनी ऐकलेलं बरं असतं. म्हातारं माणूस किंवा कडेवर मूल असलेली बाई असेल आणि तुम्हाला दिवसा थोडं सरकून जागा द्यावीशी वाटली, तर जरूर द्या. मात्र किती वाजेपर्यंत, ते तेव्हाच बोलून ठेवा.

आणखी एक प्रकार दिसायला गोड, पण महागात पडणारा असतो. ‘आमची फॅमिली एकत्र आहे, तुम्ही माझ्या बर्थवर जाल का? एस 7 मध्ये 52.’ अदलाबदल करायला हरकत नाही, पण आधी त्यांचं तिकीट डोळ्यांनी पाहावं, आणि त्यात नंबराइतकंच लक्ष ‘कुठपर्यंत’ याकडे द्यावं. तुम्ही नागपूरला चाललात आणि त्यांचं तिकीट भुसावळपर्यंतचं असेल, तर भुसावळला तो बर्थ दुसऱ्या कुणाच्या नावावर सुरू होतो. मध्यरात्री तो प्रवासी चढतो, तुम्हाला उठवतो, आणि त्याचं बरोबर असतं. तोवर तुमच्या मूळ बर्थवर कोण झोपलं असेल, सांगता येत नाही. अदलाबदल केलीच तर टीसीला तसं सांगावं.

आता सगळं एका उदाहरणात पाहू. समजा, नाशिकमधले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी रात्रीच्या गाडीनं नागपूरला निघाले आहेत. तिकीट नाशिकरोडपासूनचं, डबा एस 4, बर्थ 25 आणि 26, म्हणजे एक खालचा, एक मधला. गाडी साडेदहाच्या सुमारास येते. 25 वर तीन तरुण बसलेत, खाली सामान रचलंय, 26 अजून उघडलेला नाही. सर विनंती करतात. एक जण म्हणतो, ‘बसा ना काका, ॲडजस्ट करा, रात्रीचाच तर प्रवास आहे.’

इथे सरांनी पहिल्यांदा पत्नीला त्याच बर्थच्या कडेला बसवावं. स्वतः दारापाशी जाऊन उभं राहू नये, कारण बर्थपासून लांब गेलेला प्रवासी टीसीला गैरहजर वाटू शकतो. मग टीसीला शोधायचं. हल्ली टीसीकडे हातात धरायचं मशीन असतं आणि त्यावर कोण आलं, कोण आलं नाही, याची नोंद तो करत जातो. एकाच टीसीकडे अनेक डबे असल्यामुळे तो लगेच दिसेलच असं नाही. डब्याच्या दोन्ही टोकांना आणि शेजारच्या डब्यात एकदा पाहावं. एसीचे डबे लागून असतील तर तिथल्या अटेंडंटला विचारावं. टीसी भेटला की गोष्ट लांबवू नये. ‘एस 4, 25 आणि 26, नाशिकरोडहून चढलोय, आम्ही हजर आहोत, बर्थवर तिघे बसलेत आणि उठत नाहीत’ एवढं पुरे. हजेरीची नोंद झाली की तुमचा बर्थ दुसऱ्याला दिला जाण्याचा धोका संपतो, हाच मोठा फायदा.

टीसी सापडला नाही, किंवा ‘येतो, येतो’ म्हणून आला नाही, तर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. 139 लावावा. भाषा निवडल्यावर सुरक्षेसाठी 1 दाबायचं. फोनवर पीएनआर, गाडीचा नंबर, डबा, बर्थ आणि पुढचं मोठं स्टेशन सांगायचं. इथे वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. नाशिकरोडहून मनमाड साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. तक्रार गाडी सुटल्या सुटल्या केली, तर ती कंट्रोलमार्फत मनमाडच्या आरपीएफपर्यंत जायला वेळ मिळतो आणि त्यांचा माणूस फलाटावर उभा राहू शकतो. तीच तक्रार मनमाड यायला पाच मिनिटं असताना केली, तर गाडी निघून जाते आणि विषय जळगाव किंवा भुसावळवर जातो. गाडीत आरपीएफचं पथक असेल तर तेच लवकर येतं. म्हणून ‘पाहू थोडा वेळ’ म्हणत एखादं मोठं स्टेशन हातचं जाऊ देऊ नये.

बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटत असेल, किंवा समोरच्यांच्या देखत फोन करणं सुरक्षित वाटत नसेल, तर ‘रेल मदद’ ॲपवरून किंवा railmadad.indianrailways.gov.in या संकेतस्थळावरून तीच तक्रार करता येते. मोबाइलवर ओटीपी येतो, पीएनआर टाकला की गाडी आणि डब्याची माहिती आपोआप भरली जाते. प्रकार निवडताना तक्रार सुरक्षेच्या सदरात टाकावी. आरक्षित डब्यातली अनधिकृत माणसं तिथे वेगळी नमूद केलेली आहेत. मजकूर लहान ठेवावा. सरांच्या बाबतीत तो असा असू शकतो: ‘एस 4 मधील 25 व 26 हे आमचे कन्फर्म बर्थ आहेत. नाशिकरोडहून 3 व्यक्ती 25 वर बसल्या असून विनंती करूनही उठत नाहीत. टीसी सापडत नाही. आम्ही ज्येष्ठ नागरिक आहोत. मनमाडला मदत हवी.’ कोणत्या शब्दांत राग व्यक्त केला यापेक्षा आरपीएफच्या जवानाला कुठल्या डब्यात, कुठल्या नंबरवर यायचं आहे हे कळणं महत्त्वाचं. एक्सवर @RailwaySeva ला लिहिलं तरी चालतं, पण तिथे पीएनआर आणि मोबाइल नंबर सगळ्यांना दिसेल असा टाकू नये, थेट संदेशात पाठवावा.

तक्रार नोंदवली की तिचा नंबर मिळतो. तो जपून ठेवावा. कधी कधी बर्थवरची माणसं तशीच बसलेली असतात आणि मोबाइलवर तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज येतो. असं झालं तर गप्प बसू नये. अभिप्राय विचारला जातो, तिथे ‘असमाधानी’ नोंदवावं आणि 139 ला परत फोन करून जुन्या तक्रारीचा नंबर देत ‘जागा अजून मिळालेली नाही’ असं सांगावं. माझ्या मते या एका गोष्टीत प्रवासी सगळ्यात जास्त कमी पडतात. एकदा तक्रार केली की सुटलो, असं त्यांना वाटतं, आणि कागदावर मात्र प्रश्न सुटल्याची नोंद राहते.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. साखळी ओढू नये. जागेच्या वादासाठी साखळी ओढणं हे पुरेसं कारण धरलं जात नाही, आणि मग गुन्हा तुमच्यावरच नोंदला जाऊ शकतो. समोरच्याचं सामान उचलून बाहेर फेकू नये, हात धरून ओढू नये. त्या क्षणापर्यंत बरोबर असलेले तुम्ही पुढच्या क्षणी मारामारीतले एक पक्ष होता. फोटो काढायचा तर बर्थचा नंबर आणि डब्याची एकंदर स्थिती दिसेल असा काढावा. कुणाच्या, विशेषतः बायकांच्या, तोंडासमोर मोबाइल धरल्यानं साधा वाद पेटतो. समोरचा दारू प्यायलेला असेल किंवा धमकी देत असेल, तर बर्थचा आग्रह तात्पुरता बाजूला ठेवून आधी माणसं जास्त असलेल्या ठिकाणी जावं आणि तिथून 139 ला फोन करावा. मारहाण किंवा चोरी झाली तर तो विषय रेल्वे पोलिसांचा होतो आणि रीतसर गुन्हा नोंदवता येतो. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईनं फोनवर पहिल्याच वाक्यात ‘मी एकटी आहे’ हे सांगावं. एकट्या महिला प्रवाशांसाठी आरपीएफची ‘मेरी सहेली’ नावाची व्यवस्था आहे.

आता त्या प्रकाराकडे येऊ, ज्यात जागा आपल्याच हातानं जाते. मुंबईहून तिकीट काढायचं आणि कल्याणला किंवा नाशिकरोडला चढायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. मशीनवर तुमची नोंद मुंबईची असते. तिथे तुम्ही दिसला नाहीत की टीसी तुम्हाला गैरहजर धरून बर्थ आरएसीवाल्याला देऊ शकतो, आणि तो देणं नियमबाह्य नसतं. नाशिकरोडला तुम्ही चढता तेव्हा बर्थवरचा माणूस घुसखोर नसतो, त्याच्याकडे रीतसर जागा असते. यावर उपाय सोपा आहे. चार्ट तयार होण्याआधी बोर्डिंग स्टेशन बदलून घ्यावं. एकदा बदललं की मूळ स्टेशनवरून चढण्याचा हक्क राहत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. गर्दीमुळे आपल्या स्टेशनवर दुसऱ्याच डब्यात चढावं लागलं, तर ताबडतोब टीसीला किंवा आपल्या कप्प्यातल्या माणसांना निरोप पाठवावा.

इतकं करूनही रात्रभर जागा मिळालीच नाही, तर प्रकरण ग्राहक आयोगाकडे नेता येतं. असं एक प्रकरण वाचण्यासारखं आहे. मार्च 2013 मध्ये एक प्रवासी दक्षिण एक्स्प्रेसनं विशाखापट्टणमहून दिल्लीला निघाला होता. गुडघ्याच्या त्रासामुळे त्यानं मुद्दाम खालचा बर्थ घेतला होता. मध्य प्रदेशातल्या बीना स्टेशनवर चढलेल्या काही जणांनी तो बळकावला. त्यानं तक्रार करायचा प्रयत्न केला, पण दाद घेणारं कुणी सापडलं नाही. दिल्लीच्या जिल्हा ग्राहक मंचानं रेल्वेला 75 हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि त्यातला एक तृतीयांश भाग संबंधित तिकीट तपासनिसाच्या पगारातून वसूल करायला सांगितलं. रेल्वेनं अपील केलं, पण 2017 मध्ये दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगानं ते फेटाळलं.

यातून प्रत्येकाला एवढीच रक्कम मिळेल असं नाही. तासाभरात जागा मिळाली असेल तर प्रकरण नेण्यात फारसा अर्थही नाही. पण रात्रभर हाल झाले असतील, वय किंवा आजारामुळे त्याचा खरोखर त्रास झाला असेल आणि तुम्ही वेळीच तक्रार केल्याचं दाखवता येत असेल, तर बाजू भक्कम होते. त्यासाठी तिकीट, चार्टनंतरचा पीएनआरचा स्क्रीनशॉट, 139 ला केलेल्या फोनची वेळ, रेल मददचा तक्रार नंबर आणि आलेले मेसेज, बर्थचा फोटो, आजाराचे कागद आणि शेजारच्या एखाद्या प्रवाशाचं नाव व फोन, त्याची हरकत नसेल तर, एवढं एकत्र ठेवावं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. नागपूरच्या वाटेवर घडलेल्या गोष्टीसाठी नाशिकच्या सरांना नाशिकबाहेर जावं लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. तिकिटाइतक्या लहान रकमेच्या व्यवहारासाठी आयोगाची फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.